दोन कपॅसिटर आणि पुढे पळणारं घड्याळ

समजा, द्राक्षबागेत बसवायचं एक छोटं नोंदयंत्र आहे. दर तासाला तापमान आणि पानांवरचा ओलावा मोजायचा आणि तारीख-वेळेसह मेमरी कार्डावर लिहून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. आत STM32F103 हा स्वस्त आणि सहज मिळणारा मायक्रोकंट्रोलर, आणि वेळ राखण्यासाठी ३२.७६८ किलोहर्ट्झचा तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, चंदेरी नळीतला क्रिस्टल. पाच बोर्ड तयार झाले. दोन चालू झाले, दोन ढिम्म हलले नाहीत आणि पाचवा क्रिस्टलच्या पायाला बोट लावलं की मगच चालू होऊ लागला. जोडणी करणाऱ्याने क्रिस्टलजवळचे दोन्ही कपॅसिटर काढून लहान बसवले. पाचही बोर्ड सुरू झाले, पण महिन्याभरात सगळ्यांची घड्याळं जवळपास चार मिनिटं पुढे गेली.

वरवर पाहता या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. मूळ मात्र एकच आहे.

क्रिस्टल म्हणजे दुहेरी काट्याच्या आकारात कापलेला क्वार्ट्‌झचा तुकडा. विजेचा धक्का मिळाला की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. ही संख्या म्हणजे दोनाचा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एका सेकंदाचा ठोका मिळतो. पण क्रिस्टल एकटा थरथरत नाही. झोपाळा चालता ठेवायला प्रत्येक हेलकाव्याला योग्य क्षणी ढकलावं लागतं, तसं चिपमधला अॅम्प्लिफायर त्याला दर फेरीला ढकलत असतो. तो क्षण नीट जुळावा म्हणून क्रिस्टलच्या दोन्ही टोकांपासून ग्राउंडपर्यंत एकेक कपॅसिटर लावतात. क्रिस्टलला दिसणारी एकूण कपॅसिटन्स वाढली की त्याची गती किंचित मंदावते आणि कमी झाली की वाढते. म्हणूनच क्रिस्टल बनवणारा कारखाना डेटाशीटमध्ये लिहून देतो की अमुक पिकोफॅरडचा भार असेल तेव्हाच सांगितलेली फ्रीक्वेन्सी मिळेल. या आकड्याला लोड कपॅसिटन्स म्हणतात. बाजारात १२.५, ९, ७ आणि ६ पिकोफॅरडचे क्रिस्टल मिळतात. बाहेरून ते हुबेहूब सारखे दिसतात आणि नळीवर हा आकडा सहसा छापलेला नसतो.

इथे पहिली गफलत होते. १२.५ पिकोफॅरडच्या क्रिस्टलला दोन्ही बाजूंना १२.५ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावायचे, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात क्रिस्टलच्या बाजूने पाहिलं तर हे दोन कपॅसिटर ग्राउंडमधून एकापुढे एक जोडले जातात, त्यामुळे सारख्या किमतीच्या जोडीची निम्मीच किंमत मोजली जाते. शिवाय चिपचे पाय आणि बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक यांची स्वतःची थोडी कपॅसिटन्स असतेच. साधारण २ ते ७ पिकोफॅरडची ही भर हिशेबात धरावी लागते.

```
CL = (C1 × C2) / (C1 + C2) + Cs
C1 = C2 असल्यास:  C1 = 2 × (CL − Cs)
```

आपल्या नोंदयंत्रात ट्रॅक आखूड आहेत, म्हणून `Cs` ३ पिकोफॅरड धरू. सवयीने बसवलेले कपॅसिटर होते २२ पिकोफॅरडचे, कारण १६ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसोबत ते नेहमीच चालतात. म्हणजे क्रिस्टलवरचा भार ११ अधिक ३, एकूण १४ पिकोफॅरड. क्रिस्टल १२.५ चा आहे, तेव्हा फ्रीक्वेन्सीच्या दृष्टीने ही चूक फार मोठी नाही. मग बोर्ड सुरू का होत नाहीत?

उत्तर अॅम्प्लिफायरच्या ताकदीत आहे. STM32F103 मधला घड्याळाचा ऑसिलेटर बॅटरी वाचवण्यासाठी मुद्दाम अशक्त ठेवलेला आहे. त्याची ट्रान्सकंडक्टन्स, म्हणजे ढकलण्याची क्षमता, ५ मायक्रोअँपिअर प्रति व्होल्ट आहे. क्रिस्टलला किमान किती लागते, तेही काढता येतं:

```
gm_crit = 4 × ESR × (2πF)² × (C0 + CL)²
```

`ESR` म्हणजे क्रिस्टलचा आतला रोध. या जातीत तो ५० किलोओहमच्या आसपास असू शकतो. `C0` ही क्रिस्टलच्या स्वतःच्या पत्र्यांची कपॅसिटन्स, साधारण १.३ पिकोफॅरड. १४ पिकोफॅरडचा भार घातला तर किमान गरज निघते जवळपास २ मायक्रोअँपिअर प्रति व्होल्ट. चिपकडे आहेत ५, म्हणजे अडीच पट. कागदावर हे पुरेसं वाटतं. पण क्रिस्टलागणिक रोध बदलतो, थंडीत आणि कमी व्होल्टेजवर अॅम्प्लिफायर ढेपाळतो, म्हणून चिप बनवणारी कंपनी किमान पाचपट राखीव ताकद मागते. अडीचपटीवर काही बोर्ड चालतात, काही चालत नाहीत आणि काहींना बोटाचा धक्का लागतो. नेमकं तेच घडलं होतं.

सूत्रात भाराचा वर्ग आहे, हे इथे महत्त्वाचं. भार निम्म्यावर आणला की गरज जवळपास चौथ्या हिश्शावर येते. म्हणूनच या चिपच्या डेटाशीटमध्ये ठसठशीत इशारा आहे: ७ पिकोफॅरड किंवा त्याहून कमी लोड कपॅसिटन्सचाच क्रिस्टल वापरा, १२.५ चा कधीही वापरू नका.

आता दुसरी तक्रार पाहू. जोडणी करणाऱ्याने २२ च्या जागी ६.८ पिकोफॅरडचे कपॅसिटर लावले. भार ३.४ अधिक ३, म्हणजे ६.४ झाला. राखीव ताकद दहापटीवर गेली आणि सगळे बोर्ड लगेच सुरू झाले. पण क्रिस्टल मात्र १२.५ चाच राहिला. ठरलेल्या भाराच्या निम्म्याच भारावर तो वेगाने थरथरू लागला. या जातीच्या क्रिस्टलसाठी हिशेब केला तर वाढ येते दहा लाखांत सुमारे ८६ भागांची, म्हणजे ८६ पीपीएमची. दिवसाला साडेसात सेकंद, महिन्याला पावणेचार मिनिटं. रोग दबला आणि लक्षण दुसरीकडून बाहेर आलं.

दुरुस्ती कपॅसिटर बदलून होत नाही, क्रिस्टलच बदलावा लागतो. ६ पिकोफॅरडचा क्रिस्टल घेतला तर सूत्राप्रमाणे कपॅसिटर हवेत ६ चे. सहज मिळतात ते ५.६ आणि ६.८ चे. यातला कोणता घ्यावा, याचं उत्तर चिपच्या आत आहे. घड्याळात सुधारणा करण्यासाठी या चिपमध्ये एक रजिस्टर आहे, पण ते घड्याळ फक्त मंद करू शकतं, जलद नाही. तेव्हा ५.६ चा घ्यावा. भार ५.८ होतो, घड्याळ सहाएक पीपीएम पुढे धावतं आणि ते मागे खेचता येतं. हे रजिस्टर जास्तीत जास्त १२१ पीपीएम कमी करतं. मग १२.५ च्या क्रिस्टलची ८६ पीपीएमची चूकही यानेच का झाकू नये? कारण मग हाताशी ३५ च उरतात. क्रिस्टलची स्वतःची चूक २० पीपीएमपर्यंत असू शकते, आणि इतक्या कमी भारावर ट्रॅकची कपॅसिटन्स एका पिकोफॅरडने बदलली तरी २५ पीपीएमचा फरक पडतो.

हीच संवेदनशीलता कमी भाराच्या क्रिस्टलची मोजावी लागणारी किंमत आहे. त्याचे ट्रॅक आखूड हवेत, खालून दुसरा सिग्नल जाता कामा नये आणि कपॅसिटर तापमानाने न बदलणाऱ्या सी-झिरो-जी जातीचेच हवेत.

बिघाड शोधताना पहिलं पाऊल ऑसिलोस्कोपचं नसावं. साधा दहापट प्रोब क्रिस्टलच्या पायाला टेकवला की दहा-बारा पिकोफॅरडची भर पडते. सहा पिकोफॅरडवर चालणारं सर्किट त्याने बंद पडतं, आणि अडलेलं सर्किट कधीकधी सुरूही होतं. दोन्ही वेळा मोजणाऱ्याची दिशाभूल होते. आधी चिपलाच विचारावं:

```c
RCC->APB1ENR |= RCC_APB1ENR_PWREN | RCC_APB1ENR_BKPEN;
PWR->CR   |= PWR_CR_DBP;
RCC->BDCR |= RCC_BDCR_LSEON;
```

यानंतर `RCC->BDCR` वाचून पाहावं. `LSEON` हा बिटच शून्य असेल तर क्रिस्टलचा काही दोष नाही, `DBP` ने कुलूप उघडायचं राहिलं आहे. `LSEON` एक आहे पण `LSERDY` शून्यच राहतो, तर ऑसिलेटर अडला आहे. मात्र घाई करू नये. हा ऑसिलेटर खोलीच्या तापमानालाही सुरू व्हायला दोन-तीन सेकंद घेतो आणि गोठणबिंदूजवळ सहाएक सेकंद. एका सेकंदात हार मानणारा प्रोग्राम चांगल्या बोर्डालाही नापास ठरवतो, आणि `LSERDY` ची अमर्याद वाट पाहणारा प्रोग्राम बोर्ड मेल्याचा भास निर्माण करतो.

ऑसिलेटर चालू असेल तर फ्रीक्वेन्सी वेगळ्या पायावर मोजावी. `BKP->RTCCR` मधला `CCO` बिट लावला की घड्याळाची फ्रीक्वेन्सी ६४ ने भागून `PC13` वर येते. ती ५१२ हर्ट्झ हवी. चांगल्या फ्रीक्वेन्सी काउंटरवर ५१२.०४४ दिसलं, तर तेच आपले ८६ पीपीएम. या पायावर प्रोब लावला तरी क्रिस्टलला त्याची खबर लागत नाही.

राखीव ताकद तपासायलाही सोपी युक्ती आहे. क्रिस्टलच्या एका पायाशी मालिकेत रोध घालायचा आणि तो वाढवत न्यायचा. ५० किलोओहमच्या क्रिस्टलसोबत २०० किलोओहम घालूनही ऑसिलेटर सुरू होत असेल, तर पाचपटीची अट पूर्ण झाली. पन्नास-साठ किलोओहमलाच तो थांबला, तर असा बोर्ड शेतात पाठवू नये.

पावसाळ्यात बंद पडून उन्हात पुन्हा चालू होणारा बोर्ड कपॅसिटरचा दोष सांगत नाही. सोल्डरिंगनंतर उरलेला फ्लक्स कोकणातल्या दमट हवेत ओल धरतो आणि दोन पायांमध्ये गळती सुरू होते. हा ऑसिलेटर इतक्या कमी प्रवाहावर चालतो की तेवढ्याने तो गुदमरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून, पूर्ण वाळवून पाहावं. फरक पडला तर निदान झालं. मग त्या भागावर संरक्षक लेप द्यावा, आणि लेपानेही कपॅसिटन्स थोडी वाढते म्हणून फ्रीक्वेन्सी लेपानंतर मोजावी.

तापमानाचा वाटाही वेगळा काढता येतो. २५ अंशांवर हा क्रिस्टल सर्वांत जलद असतो आणि त्याच्या वर किंवा खाली गेलं की मंदच होतो. विदर्भातल्या मे महिन्यात डब्याच्या आत ५५ अंश झाले तर मागे पडण्याचं प्रमाण तीस पीपीएमवर जातं, दिवसाला अडीच सेकंदांहून जास्त. दिवसा मागे पडणारं आणि रात्री सावरणारं घड्याळ उन्हाने बिघडलेलं असतं. रात्रंदिवस एकाच वेगाने पुढे धावत असेल, तर बोट कपॅसिटरकडेच जातं.

नोंदयंत्राच्या पाच बोर्डांवर ६ पिकोफॅरडचे क्रिस्टल आणि ५.६ चे कपॅसिटर लावले, लेप वाळला, की शेवटचं काम उरतं. २५ अंशांच्या खोलीत प्रत्येक बोर्डाची ५१२ हर्ट्झची फ्रीक्वेन्सी मोजायची आणि जेवढे पीपीएम जास्त, जवळपास तेवढाच आकडा त्या बोर्डाच्या सुधारणा रजिस्टरमध्ये लिहायचा. सहा पीपीएम जास्त असेल तर `6`. क्रिस्टलची स्वतःची चूक वेगळी असल्याने प्रत्येक बोर्डाचा आकडा वेगळा येईल. एखाद्याची फ्रीक्वेन्सी ५१२ च्या खालीच निघाली, तर त्याच्यावर ४.७ पिकोफॅरडची जोडी बसवून पुन्हा मोजायचं.