साउंडबॉक्स बोलतो, पासबुक गप्प: अडकलेल्या सेटलमेंटची तक्रार कशी लिहावी

काउंटरवरच्या साउंडबॉक्सने ‘एकशे ऐंशी रुपये प्राप्त झाले’ असं म्हटलं की दुकानदार गिऱ्हाइकाच्या हाती माल देतो. पण पेमेंट अ‍ॅपच्या क्यूआरवर आलेले ते पैसे बहुतेक वेळा तेव्हाच त्याच्या बँक खात्यात पोचत नाहीत. गिऱ्हाइकाच्या बँकेतून निघालेली रक्कम आधी अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीच्या एस्क्रो खात्यात जाते. हे खातं बँकेतच असतं आणि त्यातला व्यापाऱ्यांचा पैसा कंपनीने आपल्या पैशात मिसळायचा नसतो. दिवसभराची विक्री एकत्र करून कंपनी ती तिथून दुकानदाराच्या खात्याकडे पाठवते, बहुधा दुसऱ्या दिवशी. या दुसऱ्या टप्प्याला सेटलमेंट म्हणतात. ज्यांच्याकडे थेट बँकेचा क्यूआर आहे, त्यांच्याकडे हा टप्पा बऱ्याचदा नसतोच.

तक्रारपत्रं फसतात ती इथेच. ‘माझं पेमेंट आलं नाही’ असं लिहिलं की सपोर्टचा माणूस ते पहिल्या टप्प्याचं समजतो आणि ठरलेलं उत्तर धाडतो: पाच दिवस थांबा, पैसे परत जातील. ही पाच दिवसांची मुदत रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकातली आहे. गिऱ्हाइकाच्या खात्यातून यूपीआयने पैसे कापले गेले पण दुकानात खात्री आली नाही, तर रक्कम पाच दिवसांत त्याला परत जायला हवी आणि पुढच्या दर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळायला हवी. हा नियम गिऱ्हाइकासाठी आहे. दुकानदाराच्या बाबतीत पेमेंट यशस्वी झालेलं असतं, माल गेलेला असतो. परत जाण्यासारखं काही उरलेलंच नसतं, म्हणून त्या उत्तरावर थांबणाऱ्या दुकानदाराचे दिवस फुकट जातात. पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘गिऱ्हाइकांची पेमेंट्स यशस्वी आहेत, सेटलमेंट अयशस्वी आहे’ असं यायला हवं.

दुसरी गल्लत क्रमांकांची. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर दिसतो तो त्या एका व्यवहाराचा बारा अंकी यूपीआय संदर्भ क्रमांक. सेटलमेंट म्हणजे कंपनीकडून तुमच्या बँकेकडे गेलेलं वेगळं हस्तांतरण. त्याला स्वतःचा क्रमांक असतो, त्याला यूटीआर म्हणतात. अ‍ॅपच्या सेटलमेंट किंवा पासबुक विभागात तारखेवर बोट ठेवलं की तो सहसा दिसतो. बँकेतल्या माणसाला शोध घेता येतो तो यूटीआरवरून. शंभर गिऱ्हाइकांचे स्क्रीनशॉट त्याच्या काही उपयोगाचे नाहीत.

यूटीआर आहे की नाही, यावरूनच दुखणं कुठे आहे ते कळू लागतं. यूटीआर तयारच झाला नसेल, तर कंपनीने पैसे पाठवलेले नाहीत. केवायसी अपुरी आहे किंवा एखाद्या व्यवहाराच्या संशयावरून रक्कम रोखून धरली आहे. यूटीआर आहे आणि शेजारी ‘अयशस्वी’ लिहिलं आहे, तर पैसे निघाले पण पोचले नाहीत किंवा बँकेने परत पाठवले. सर्वांत घातक तिसरा प्रकार: अ‍ॅप ‘यशस्वी’ म्हणतं आणि पासबुकात नोंद नाही. तेव्हा अ‍ॅपमधला खाते क्रमांक आधी अंक न् अंक ताडून पाहावा, कारण रक्कम दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जमा होत असू शकते.

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगलीत मसाल्यांचं छोटं दुकान आहे. त्यांचं खातं ज्या बँकेत होतं ती दुसऱ्या बँकेत विलीन झाली. खाते क्रमांक तोच राहिला, पण शाखेचा आयएफएससी बदलला. हा कोड अकरा अक्षरांचा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं शून्य, उरलेली सहा शाखेची. म्हणजे बँक बदलली की कोड आज ना उद्या बदलणारच. एप्रिल 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरात आणि आंध्रा व कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाल्या, तेव्हा लाखो खातेदारांनी हे अनुभवलं. जुना कोड काही महिने चालू ठेवला जातो, मग एक दिवस बंद होतो. अ‍ॅपमध्ये तो जुनाच राहिलेला असल्यामुळे दुकानदाराला वाटतं, सगळं सुरळीत होतं आणि अचानक बिघडलं.

अशा दुकानदाराचं पत्र असं असावं:

‘महोदय, माझ्या दुकानाची गिऱ्हाइकांकडून झालेली सर्व पेमेंट्स यशस्वी आहेत, परंतु पुढील तीन सेटलमेंट माझ्या बँक खात्यात जमा झालेल्या नाहीत. 4 मे: 6,840 रुपये. 5 मे: 7,215 रुपये. 7 मे: 5,960 रुपये. एकूण 20,015 रुपये. साउंडबॉक्सचं भाडं वजा करून उरलेल्या या निव्वळ रकमा आहेत. तिन्हींचे यूटीआर आणि माझा मर्चंट आयडी सोबत आहेत. खात्याचे शेवटचे चार अंक 4471. त्या तारखांचा बँकेचा उतारा जोडला आहे. बँकेच्या शाखेने आयएफएससी बदलल्याचं कळवलं असून नवा कोड असलेला रद्द केलेला धनादेश मी अ‍ॅपमध्ये चढवला आहे. कृपया तीन गोष्टी लेखी कळवाव्यात. प्रत्येक सेटलमेंट कोणत्या कारणाने परत आली? ती रक्कम सध्या कुठे आहे? नव्या कोडवर ती कोणत्या तारखेला पुन्हा पाठवली जाईल?’

निव्वळ रक्कम लिहिण्याला कारण आहे. साउंडबॉक्सचं भाडं, अ‍ॅपमार्फत घेतलेल्या कर्जाचा हप्ता, रुपे क्रेडिट कार्डावरून आलेल्या मोठ्या यूपीआय पेमेंटवरचं शुल्क हे सगळं सेटलमेंटमधूनच कापलं जाऊ शकतं. दुकानदाराने विक्रीचा आकडा लिहिला आणि कंपनीकडे वेगळा आकडा असला, तर चर्चा वजावटीवरच अडते आणि मूळ तक्रार बाजूला पडते. शेवटचे तीन प्रश्नही मुद्दाम वेगवेगळे आहेत. ‘लवकर लक्ष घाला’ या विनंतीला ‘लक्ष घालत आहोत’ हे उत्तर पुरतं. परतीचं कारण विचारलं की नोंद उघडावीच लागते.

हे पत्र अ‍ॅपच्या आतल्या मदत विभागातूनच पाठवावं आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ क्रमांकावर फोन करू नये. पैसे अडकलेल्या माणसाला गाठण्यासाठीच तिथे भामटे बसलेले असतात. सेटलमेंट मिळवायला ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. मदत विभागाने दाद दिली नाही, तर त्याच तक्रार क्रमांकासह कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला लिहावं. असा अधिकारी नेमणं आणि त्याचा तपशील वेबसाइटवर देणं पेमेंट अ‍ॅग्रीगेटर कंपन्यांना बंधनकारक आहे.

कंपनी म्हणते ‘आम्ही पाठवले’ आणि बँक म्हणते ‘आमच्याकडे आलेच नाहीत’, असंही होतं. तेव्हा यूटीआर घेऊन बँकेला वेगळं पत्र द्यावं. एनईएफटीने आलेली रक्कम खात्यात जमा करता येत नसेल, तर ती बॅच पूर्ण झाल्यापासून दोन तासांत बँकेने परत पाठवायची असते. जमा करायला उशीर केला तर रेपो दर अधिक दोन टक्के व्याज देणं लागतं. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर मोफत तक्रार करता येते.

नवा कोड मंजूर झाला की त्या दिवसापासूनच्या सेटलमेंट पोचू लागतात. मागच्या तीन मात्र आपोआप पुन्हा पाठवल्या जातीलच असं नाही, आणि पाठवल्या तर एकाच नव्या यूटीआरने एकत्र येऊ शकतात. पासबुकात 4 मेच्या 6,840 ची नोंद शोधत बसण्यापेक्षा 20,015 चा आकडा शोधावा, आणि तो जुळेपर्यंत ‘तक्रार निकाली’ या संदेशाला संमती देऊ नये.