पंच्याऐंशी लाखांत एक

रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन पाण्यात विरघळलेले असते तेव्हा त्याचा एक रेणू साधारण ७ नॅनोमीटर व्यासाचा असतो. औषधनिर्मितीत अशी प्रथिने वापरायची, तर बाटलीतले रेणू सुटे आहेत की एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या झाल्या आहेत, हे कळायलाच हवे. गुठळ्या झालेले प्रथिन शरीरात टोचले, तर नको असलेली प्रतिकारक्रिया सुरू होऊ शकते. इतके लहान कण साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत ‘डायनॅमिक लाइट स्कॅटरिंग’, म्हणजेच डीएलएस, हे तंत्र वापरतात.

यात नमुन्यातून लेझरचा किरण सोडतात आणि कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. पाण्याचे रेणू सतत धडका देत असल्याने कण स्थिर राहत नाहीत. ते हलले की विखुरलेल्या प्रकाशाची तीव्रता कमीजास्त होत राहते. लहान कण चपळ असतात, त्यामुळे हा चढउतार जलद होतो; मोठ्या कणांचा चढउतार संथ असतो. अल्ब्युमिनच्या बाबतीत तो काही दशमायक्रोसेकंदांत होऊन जातो, तर १०० नॅनोमीटरच्या कणाला त्याच्या चौदापट वेळ लागतो. या वेगावरून यंत्र कणाचा व्यास काढते. त्यासाठी द्रवाचे तापमान आणि चिकटपणा नीट माहीत असावा लागतो.

म्हणजे यंत्र कण मोजत नाही. ते फक्त प्रकाश बघते, आणि प्रकाशाचा हिशेब फार विषम असतो. लेझरच्या तरंगलांबीपेक्षा बरेच लहान असलेले कण जो प्रकाश विखुरतात, तो व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. ७ नॅनोमीटरच्या रेणूशेजारी १०० नॅनोमीटरची एक गुठळी असेल, तर ती एकटी सुमारे ८५ लाख रेणूंइतका प्रकाश फेकते. समजा, दर ८५ लाख सुट्या रेणूंमागे अशी एक गुठळी आहे. वजनात ती प्रथिनाच्या दहा हजारांत जेमतेम साडेतीन भाग भरेल, पण यंत्रापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशातला निम्मा वाटा तिचा असेल.

या मिश्रणाचा हिशेब कागदावर करून पाहू. यंत्र जो सरासरी व्यास देते त्याला ‘झेड-अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. तो प्रकाशाच्या वाट्यानुसार काढलेला असतो. आपल्या मिश्रणासाठी तो १३ नॅनोमीटर येतो. बाटलीत १३ नॅनोमीटरचा एकही कण नाही, तरी उत्तर मात्र १३! हा आकडा एकटाच वाचणारा माणूस चुकीच्या वाटेला लागेल. म्हणूनच त्याच्या शेजारी दुसरा आकडा छापलेला असतो: पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स, म्हणजे पीडीआय. चढउतारांच्या वक्रातून ही सरासरी आणि हा फैलाव काढण्याची ‘क्युम्युलंट’ पद्धत डेनिस कॉपेल यांनी १९७२ मध्ये मांडली.

पीडीआय सांगतो ते इतकेच, की सगळे कण एकाच व्यासाचे आहेत असे धरले तर ते गृहीत कितपत ढळते. सगळे कण अगदी सारखे असतील तर तो शून्याच्या जवळ येतो. यंत्राची तपासणी करण्यासाठी वापरतात ते पॉलिस्टायरीनचे एकसारखे गोळे साधारण ०.०५ च्या आत राहतात. ०.१ पर्यंतचा नमुना एकसारखा मानण्याचा रिवाज आहे. लिपिडच्या नॅनोकणांना ०.२ पर्यंत सहसा चालवून घेतात. ०.७ च्या वर गेला, तर या पद्धतीने मिळालेल्या सरासरीवर भरवसाच ठेवू नये. आपल्या मिश्रणाचा पीडीआय ०.७५ च्या आसपास येतो, म्हणजे इथे धोक्याची घंटा स्पष्ट वाजते.

मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या उदाहरणाची. गुठळ्या आणखी विरळ करा, इतक्या की प्रकाशातला दहा टक्केच वाटा त्यांचा राहील. आता सरासरी ७.७ नॅनोमीटर येते आणि पीडीआय ०.०९५. दोन्ही आकडे देखणे आहेत, अहवाल मंजूर व्हावा असे. पण एकच समूह असून त्याच्या व्यासात सुमारे तीस टक्के फैलाव असेल, तरीही पीडीआय जवळजवळ हाच येतो, कारण त्याचे वर्गमूळ म्हणजे साधारणपणे सरासरीच्या तुलनेतला फैलाव. एकाच आकड्यामागे दोन वेगळ्या बाटल्या असू शकतात. त्या वेगळ्या ओळखायच्या, तर सरासरीपाशी न थांबता चढउताराचा मूळ वक्र उघडून पाहावा लागतो. गुठळ्या असतील तर वक्र लवकर खाली येतो, पण शेवटी त्याचे शेपूट लांब रेंगाळते. आकारांच्या आलेखात दोन शिखरे वेगळी दिसायला दोन्ही समूहांत साधारण तिपटीचा तरी फरक लागतो. इथे तो चौदापटीचा असल्याने शिखरे सुटी दिसायला हवीत.

आता गाळण्याचा प्रश्न. हवेतल्या धुळीचा एखादा कणही वर सांगितलेला गोंधळ घालू शकतो, म्हणून गाळणे अटळ आहे. आधी बफर गाळावा आणि नुसता बफरच यंत्रात घालून बघावा. त्यातच मोठे कण दिसत असतील, तर पुढे प्रथिनाबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही. सिरिंज फिल्टर नवा असला तरी तो स्वतःचे बारीक कण सोडतो, म्हणून पहिले काही थेंब टाकून द्यावेत. क्युव्हेटही गाळलेल्या द्रवानेच धुवावे आणि झाकून ठेवावे.

नमुना गाळणे मात्र नाजूक काम आहे. अल्ब्युमिनसाठी ०.१ मायक्रोमीटरची जाळी घेतली, तर धूळ अडते, पण १०० नॅनोमीटरची गुठळी नेमकी काठावर असते. तिच्यातल्या काही पार जातात. २० नॅनोमीटरची जाळी त्या गुठळ्याही काढते आणि सुटे रेणू जाऊ देते. मग पीडीआय सुधारतो, पण जे शोधायचे होते तेच आपण फेकून दिलेले असते! शिवाय काही पटले प्रथिनालाच चिकटवून ठेवतात. नायलॉन यात वाईट. पॉलिइथरसल्फोन किंवा पीव्हीडीएफ पुष्कळ बरे.

काय गेले हे ओळखता येते. गाळण्याआधी आणि गाळल्यानंतर २८० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशाचे शोषण मोजावे, म्हणजे प्रथिनाचे प्रमाण कळते. त्यासोबत डीएलएसमधली प्रकाशाची तीव्रताही नोंदवावी. शोषण तेच राहिले आणि तीव्रता बरीच उतरली, तर वजनाने नगण्य असलेले मोठे कण गेले. शोषणही उतरले, तर प्रथिन जाळीत अडकले. पुढचे आकडे वेगळ्याच, पातळ नमुन्याचे आहेत.

गेलेले मोठे कण धूळ होते की प्रथिनाच्या गुठळ्या, हे ठरवायला वेळेची मदत घ्यावी. गाळलेला नमुना बंद क्युव्हेटमध्ये तासभर तसाच राहू द्यावा आणि पुन्हा मोजावा. धूळ असेल, तर ती बंद क्युव्हेटमध्ये आपोआप परत येत नाही. पीडीआय हळूहळू चढू लागला आणि शेजारी ठेवलेला गाळलेला बफर मात्र स्वच्छच राहिला, तर बाटलीत गुठळ्या तयार होत आहेत. अशा नमुन्याचा गाळल्याबरोबर मिळालेला पीडीआय अहवालात एकटा देऊ नये. न गाळलेल्या नमुन्याचा आकडा, जाळीचे छिद्र, पटल कशाचे आणि गाळल्यापासून मोजेपर्यंत गेलेला वेळ, ही सगळी माहिती त्याच ओळीत असायला हवी.