आकडे चोख, तक्रारी खऱ्या

कामात कच्च्या माणसाचं अप्रेझल करणं त्या मानाने सोपं असतं. टार्गेट किती होतं, झालं किती, हिशोब समोर असतो. साहेबांना घाम फुटतो तो वेगळ्याच माणसापुढे. त्याचे आकडे सगळ्यांत पुढे असतात, आणि तो मीटिंगला येणार म्हटल्यावर बाकीचे गप्प होतात. अशा वेळी बहुतेक ठिकाणी दोनपैकी एक घडतं. एकतर तक्रारी गिळून त्याला वरचं रेटिंग मिळतं, नाहीतर वर्षभर साठवलेली खदखद त्या एका तासात त्याच्या अंगावर ओतली जाते. हे दोन्ही अन्यायाचेच प्रकार आहेत, फक्त अन्याय सोसणारी माणसं बदलतात.

समजा, भोसरीतला एक मध्यम कारखाना आहे. पंप आणि व्हॉल्व्ह बनवतो, माणसं दोनशेच्या आसपास. तिथल्या एका सेल्स इंजिनिअरला वर्षाचं टार्गेट होतं ४ कोटींचं, त्याने आणले ४ कोटी ७० लाख. आणि त्याच्याबद्दल कुजबुज अशी : उद्धट आहे, कुणाला विचारत नाही, डिस्पॅचच्या लोकांना तुच्छ लेखतो, ‘टीम प्लेअर’ नाही. त्याची सेल्स मॅनेजर, जिला सगळे मॅडम म्हणतात, तिला एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्यासमोर बसायचं आहे.

तिचं खरं काम त्याआधीच्या तीन आठवड्यांत आहे. ‘उद्धट’ हा शब्द फॉर्मवर लिहिता येत नाही, कारण तो पुरावा नाही, ते मत आहे. म्हणून तिने सहा जणांशी एकेकट्याने बोलावं आणि प्रत्येकाला तेच तीन प्रश्न विचारावेत : तुम्ही स्वतः काय पाहिलं किंवा ऐकलं? कधी? त्याने तुमच्या कामावर काय झालं? या सहांत त्याच्याबरोबर ज्यांचं छान जमतं असे दोघे तरी हवेतच. ते राहून गेलं तर चौकशी सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

या तीन प्रश्नांच्या चाळणीतून कुजबुज बरीच गळून पडते. ‘सगळे म्हणतात’ हे पहिल्यांदा गळतं. ‘जेवायला आमच्यात बसत नाही’ हेही गळतं, कारण डबा कुणाबरोबर खायचा हा ज्याचा त्याचा प्रश्न. ‘फार प्रश्न विचारतो’ ही तर काही वेळा तक्रार करणाऱ्याचीच गोष्ट असते. इथे मॅडमनी स्वतःलाही एक प्रश्न विचारावा : हेच वागणं दुसऱ्या कुणाचं असतं, तर आपण त्याला ‘धडाडी’ म्हटलं असतं का? बाई ठामपणे बोलली की आगाऊ आणि पुरुष बोलला की खमका, हा हिशोब आपल्या ऑफिसांत अजून चालतो.

आपल्या इंजिनिअरच्या बाबतीत चाळणीत दोन गोष्टी उरतात. पहिली, जानेवारी ते मार्चमध्ये त्याने नऊ ऑर्डरींना प्लॅनिंगला न विचारता डिलिव्हरीची तारीख दिली. त्यातल्या सहा वेळा डिस्पॅचला रात्री थांबावं लागलं आणि बाहेरचा टेम्पो करावा लागला. हे रजिस्टरमध्ये आहे, कुणाच्या सांगण्यावर अवलंबून नाही. दुसरी, फेब्रुवारीत डिस्पॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याने निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या एका फोरमन काकांना लिहिलं : ‘काका, जमत नसेल तर घरी बसा ना, कोणी अडवलंय?’ ग्रुपमध्ये एकोणीस जण होते. त्यानंतर काकांनी त्या ग्रुपवर लिहिणंच सोडलं. गाडी किती वाजता सुटणार हे आता फोन करून विचारावं लागतं.

आकड्यांकडेही एकदा नीट बघायला हवं. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. त्याला दिसलं की एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस बुद्धी, नेतृत्व, स्वभाव अशा सगळ्याच रकान्यांत चांगला ठरवला जातो. हे उलटही घडतं. म्हणजे ४ कोटी ७० लाखांच्या झगमगाटात काकांचा प्रसंग दिसेनासा होतो, किंवा काकांच्या रागात ४ कोटी ७० लाखांचं कौतुक राहून जातं. शिवाय त्या आकड्यात रात्री थांबलेल्या डिस्पॅचचा ओव्हरटाइम आणि टेम्पोचं जादा भाडंही दडलेलं आहे, फक्त ते दुसऱ्या खात्यावर पडलं. त्याचा निकाल खोटा आहे असं यातून म्हणायचं नाही. पण तो एकट्याचा नाही.

एक प्रकार मात्र या अप्रेझलमध्ये येताच कामा नये. तक्रार लैंगिक छळाची असेल, तर ती ‘वागणूक’ या रकान्यात बसवून मॅनेजरने मिटवायची नसते. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे. तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तिच्याकडे जायला हवी. मारहाण, जातीवरून शिवीगाळ, पैशांची अफरातफर यांनाही वेगळी चौकशी असते. तिथे मार्चची वाट पाहणं हाच दोष.

आता नावांचा प्रश्न. सहकारी म्हणतात, ‘मॅडम, आमचं नाव नको.’ त्यांचं बरोबर आहे, उद्या त्याच्याच शेजारी बसायचं असतं. पण ज्या आरोपाचा प्रसंग सांगता येत नाही, त्याला उत्तर तरी कसं देणार? म्हणून समोर ठेवायच्या त्याच गोष्टी, ज्या उघड्यावर घडल्या, रेकॉर्डवर आहेत किंवा ज्या मांडायला सांगणाऱ्याने होकार दिला आहे. बाकीच्या मॅडमनी मनात ठेवाव्यात आणि पुढे स्वतः लक्ष द्यावं. फॉर्मवर त्यांना जागा नाही. काकांना आधी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, ‘दाखवा की. सगळ्यांनी वाचलंयच.’

बैठकीला पूर्ण तास हवा, बंद खोली हवी आणि तिसरा माणूस नको. आधी आकडे, तेही हातचं न राखता : कुठली गिऱ्हाइकं नवीन आणली, कुठली जुनी परत मिळवली. इथे ‘पण’ लावायचा नाही. कौतुकाच्या दोन थरांमध्ये टीका सारायची पद्धत अनेक मॅनेजर शिकून आलेले असतात. समोरच्याला ती दुसऱ्याच वर्षी कळते, मग कौतुक सुरू झालं की तो सावध होऊन बसतो. त्यापेक्षा सरळ म्हणावं : ‘कामाचा भाग झाला. आता दुसरा विषय, आणि तो तितकाच महत्त्वाचा आहे.’

मग प्रसंग. अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप या संस्थेने यासाठी एक साधी घडी रूढ केली : प्रसंग काय, तू काय केलंस, परिणाम काय झाला. मॅडम म्हणतात, ‘फेब्रुवारीत ग्रुपवर तू काकांना हे लिहिलंस. एकोणीस जणांनी वाचलं. तेव्हापासून काका ग्रुपवर नाहीत आणि आपली गाडीची माहिती उशिरा येते.’ त्यात ‘तू असाच आहेस’ कुठेच नाही. स्वभावावर बोललं की माणूस स्वभावाची वकिली करतो. प्रसंगावर बोललं की त्याला प्रसंगाबद्दल बोलावं लागतं. त्यानंतर थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत जड जातं, कारण शांतता भरून काढायला मॅनेजरच बडबडू लागतो.

तो आधी चिडतो. ‘कुणी सांगितलं हे?’ उत्तर एकच : ‘ग्रुपवर आहे, रजिस्टरमध्ये आहे. अंदाज बांधत बसू नकोस, आणि यावरून कुणाशी बोलू नकोस.’ हे स्पष्ट शब्दांत सांगावंच लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी डिस्पॅचमध्ये चौकशी सुरू होते आणि पुढच्या वर्षी कुणी तोंड उघडत नाही. मग तो म्हणतो, ‘मॅडम, प्लॅनिंगला मेल टाकला की उत्तराला दोन दिवस लागतात. समोरचा पुरवठादार त्याच दिवशी तारीख देतो. मी ऑर्डर सोडू का?’ आणि इथे त्याचं म्हणणं खरं आहे. मॅडमनी नंतर तपासलं, प्लॅनिंगला खरंच दोन दिवस लागतात. तक्रारीचा अर्धा भाग अशा रीतीने माणसाकडून कामाच्या पद्धतीकडे सरकतो. काकांना लिहिलेल्या ओळीचं मात्र तसं होत नाही. ती ओळ कुठल्याही मेलने लिहायला लावली नव्हती, आणि मॅडमनी तेही तितक्याच शांतपणे म्हणायला हवं.

आता पैशांचा मुद्दा, ज्यावर बहुतेक अप्रेझल घसरतात. वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या केआरएमध्ये वागणुकीला वजन दिलेलं नसेल, तर शेवटी तिच्या नावाने इन्सेंटिव्ह कापता येत नाही. ठरलेल्या आकड्यावर ठरलेले पैसे त्याला मिळालेच पाहिजेत. खेळ संपल्यावर नियम बदलले, तर मागे मांडलेला प्रत्येक प्रसंग त्याला पैसे वाचवायचा बहाणा वाटेल. पण बढतीचं गणित निराळं. टीम लीडरची जागा मागच्या कामाचं बक्षीस नसते, ती एक वेगळी नोकरी असते आणि तिच्यात माणसं सांभाळायची असतात. इन्सेंटिव्ह पूर्ण, बढती तूर्त नाही : मला हा निर्णय कठोर वाटत नाही, आणि तो त्याच खोलीत, कारणासकट सांगायला हवा. एचआरच्या मेलमधून कळला तर तासभराचं सगळं बोलणं वाया.

अशा माणसाला हात लावायला कंपन्या घाबरतात, तो सोडून गेला तर, म्हणून. मायकेल हाउसमन आणि डिलन मायनर यांनी २०१५ मध्ये वेगवेगळ्या कंपन्यांतल्या ५० हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. अगदी वरच्या एक टक्क्यातला माणूस घेऊन जितका फायदा होतो, त्याच्या दुपटीहून जास्त फायदा विषारी वागणारा एक माणूस टाळल्याने होतो, असा त्यांचा हिशोब. मात्र त्यांनी ‘विषारी’ धरले ते छळ, हिंसा, फसवणूक अशा गंभीर कारणांवरून काढलेले लोक. आपल्या इंजिनिअरला त्या यादीत घालणं म्हणजे पुन्हा अन्यायच.

त्याच्यासाठी उपाय मोजता येण्याजोगा हवा. ‘ॲटिट्यूड सुधारणे’ किंवा दोन दिवसांचं सॉफ्ट स्किल्सचं शिबिर हे मॅनेजरने जबाबदारी झटकणं झालं. नव्वद दिवसांसाठी तीन गोष्टी पुरेत : प्लॅनिंगच्या होकाराशिवाय तारीख नाही, माणसाबद्दलची नाराजी ग्रुपवर नाही, समोर किंवा फोनवर, आणि काकांशी तो स्वतः बोलेल, काय बोलायचं ते त्याचं त्याने ठरवावं. मॅडमच्या बाजूने एक : प्लॅनिंगचं उत्तर चोवीस तासांत. दर पंधरवड्याला पंधरा मिनिटं बसून हे चारही मुद्दे बघायचे. सुधारणा खरी की तात्पुरती, हे त्याच्या गोड बोलण्यावरून ठरवू नये. न विचारता दिलेल्या तारखा मोजाव्यात, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये तो बसलेला असताना डिस्पॅचवाले ‘हे जमणार नाही’ म्हणू लागलेत का, ते पाहावं. नव्वद दिवसांनी काहीच हललं नसेल, तर पुढची पायरी लेखी ताकिदीची, आणि तीही आजच सांगून ठेवायची.

फॉर्मच्या शेवटी कर्मचाऱ्याच्या शेऱ्याचा चौकोन असतो. बहुतेक जण तिथे नुसती सही ठोकतात. मॅडमनी त्याला तो घरी नेऊन, दोन दिवस विचार करून भरायला सांगावा. त्याने लिहून आणलं : ‘ग्रुपवरचा मेसेज चुकला, मान्य. नऊ तारखांबद्दल पूर्ण मान्य नाही, त्यांतल्या तीन गिऱ्हाइकांनी स्वतः ठरवल्या होत्या. मेल जोडले आहेत.’ मेल बघून मॅडमनी नऊचे सहा केले आणि दोघांनी सह्या केल्या.