तारेजवळच्या चकतीवरच जास्त ताण

३३ केव्ही लाइनच्या टॉवरवर तीन चिनी मातीच्या चकत्यांची माळ लोंबकळते. खालच्या टोकाला तार, वरच्या टोकाला जमिनीशी जोडलेला टॉवर. तार आणि जमीन यांच्यात साधारण १९ केव्ही दाब असतो. चकत्या हुबेहूब सारख्या, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सव्वासहा केव्ही यायला हवेत. तसे होत नाही.

चकतीच्या दोन्ही बाजूंना धातू, मध्ये चिनी माती. म्हणजे ती एक छोटा कपॅसिटरच. पण दोन चकत्यांमधला धातूचा सांधा आणि टॉवर यांच्यामध्येही हवेतून कपॅसिटन्स असतो, आणि तिथून थोडा प्रवाह टॉवरकडे निसटतो. हा सगळा प्रवाह येतो तारेकडून. त्यामुळे सर्वांत खालच्या चकतीतून स्वतःचा आणि वाटेत निसटणारा असा दोन्ही प्रवाह जातो. प्रवाह जास्त, म्हणून दाबही जास्त.

हा निसटता कपॅसिटन्स चकतीच्या एक दशांश धरला, तर वरून खाली ५.६, ६.१ आणि ७.३ केव्ही अशी वाटणी होते. एकूण दाबाला चकत्यांची संख्या गुणिले तळच्या चकतीवरचा दाब याने भागले की माळेची कार्यक्षमता मिळते: इथे सुमारे ८७ टक्के. चकत्या वाढवल्या की ती आणखी घसरते, हे जरा चमत्कारिकच.

म्हणून जास्त दाबाच्या लाइनवर तारेपाशी धातूचे कडे बसवतात. तारेला जोडलेले हे कडे सांध्यांना हवेतूनच प्रवाह पुरवते, आणि तळच्या चकतीवरचा भार हलका होतो.

चंद्रपूर–पडघे ही लाइन डीसी आहे. स्थिर दाबाला कपॅसिटन्सचा हा खेळ लागू नाही. तिथे वाटणी ठरवतात चकत्यांवरची धूळ आणि ओल.