चिमणी टांगण्याआधी भिंतीवर खडू फिरवा

स्वयंपाकघरात चिमणी बसवताना बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. आधी यंत्र भिंतीवर चढते आणि मग पाइप कुठून काढायचा, पिन कुठे लावायची, याची शोधाशोध सुरू होते. आमच्या घरी पहिल्यांदा असेच झाले. एक्झॉस्ट पंख्याचे 4 इंची भोक तयार होते, म्हणून फिटरने 6 इंची पाइप आवळून त्यातच घुसवला. चिमणी गरजायची खूप, पण फोडणीचा धूर मात्र घरभर. कारण साधे आहे. 6 इंची तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे 28 चौरस इंच, तर 4 इंचीचे जेमतेम साडेबारा. म्हणजे हवेची निम्म्याहून जास्त वाट आम्हीच बंद केली होती.

दुसऱ्यांदा मात्र आधी भिंतीवर खडूने आखले. शेगडीचा बर्नर जमिनीपासून 38 इंचांवर होता. त्यावर 28 इंच सोडून, म्हणजे साडेपाच फुटांवर, चिमणीची खालची कड घेतली. आमच्या चिमणीच्या माहितीपुस्तिकेत 26 ते 30 इंच अंतर सांगितले होते. तुमच्या पुस्तिकेतला आकडा आधी पाहा. मग कोअर कटरने बाहेरच्या भिंतीला उजवीकडे पूर्ण मापाचे भोक पाडले. बीम किंवा कॉलमला मात्र कटर लावू देऊ नका. भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार दिला, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही.

पाइप उजवीकडे वळणार, म्हणून सॉकेट डावीकडे घेतले. पाइपाला वायर टेकू नये, हा त्यामागचा हेतू. सॉकेट सात फुटांवर, चिमणीच्या कव्हरच्या बाहेर आहे, म्हणजे पिन काढायला यंत्र उतरवावे लागत नाही. त्याचा स्विच मात्र ओट्याच्या बोर्डावर, हाताशी. चिमणीला 6 अँपिअरचे तीन पिनी सॉकेट पुरले. त्यासाठी दीड एमएमची वायर भिंतीतल्या पाइपातून आणली आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मीटरने तपासून घेतले. फ्रिजच्या बोर्डावरून एक्स्टेन्शन ओढू नका; ती वायर शेगडीवरून लोंबते, तेलकट होते आणि तापते.

अॅल्युमिनियमचा लवचीक पाइप ताणून लावायचा आणि जास्तीचा कापून टाकायचा. चुण्या राहिल्या की त्यांत तेल साचते. वळण शक्यतो एकच ठेवा, तेही गोलसर. जोडावर क्लॅम्प आवळून वर अॅल्युमिनियम टेप गुंडाळा. चिमणीच्या तोंडाशी धूर परत येऊ न देणारी झडप असते. क्लॅम्पचा स्क्रू आत लांब गेला तर ती अडकते. म्हणून कव्हर चढवण्याआधी बोट लावून ती मोकळी हलते का पाहा.

फिटर निघण्याआधी चिमणी सुरू करून वर्तमानपत्राचा तुकडा जाळीला लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. मग बाहेर जाऊन पाइपाच्या तोंडाशी हात धरा. वारा जोरात लागला नाही, तर कव्हर लावू देऊ नका.