महत्त्वाचा मेल पाठवण्याआधीची दोन मिनिटं: फाइल आधी, पत्ता शेवटी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्चुअली' निघतात ते काढलेत, बाकी गप्पा तशाच आहेत.

आजचा विषय एकदम छोटा: महत्त्वाचा मेल 'Send' करायच्या आधी नेमकं काय तपासायचं? रोजचे 'ओके, थँक्स'वाले मेल सोडून द्या. मी बोलतोय ते नोकरीचा अर्ज, जॉइनिंगची कागदपत्रं, बँकेला पाठवायचे फॉर्म, अशा मेलबद्दल. गेला की परत येत नाही असा मेल.

परत येत नाही हे अगदी शब्दशः घ्या. तुमचा मेल समोरच्याच्या सर्व्हरकडे जातो, तो सर्व्हर 'मिळाला' म्हणतो, आणि तिथे तुमचा ताबा संपतो. जीमेलमधलं 'Undo' मेल परत खेचून आणत नाही. तुम्ही बटण दाबल्यावर जीमेल काही सेकंद मेल स्वतःकडेच धरून ठेवतं, आणि 'Undo' फक्त तेवढ्या वेळात चालतं. कॉम्प्युटरवर सेटिंगमध्ये जाऊन ही वेळ 5, 10, 20 किंवा 30 सेकंद ठेवता येते. म्हणजे जास्तीत जास्त अर्धा मिनिट. आउटलुकमधलं 'Recall'सुद्धा साधारण एकाच संस्थेच्या आतल्या मेलवर चालतं, बाहेर गेलेल्यावर नाही. म्हणून तपासणी आधीच करायची.

आता एक केस घेऊ. माझी मामेबहीण आमच्या चामटोलीतच राहते. तिची पहिली नोकरी. कंपनीच्या एचआरने सांगितलं की संध्याकाळी सहाच्या आत पदवी प्रमाणपत्र, पॅन कार्ड आणि कॅन्सल्ड चेक पाठव, आणि कधीपासून रुजू होणार ते कळव. तिने बदलापूरला परतताना लोकलमध्ये फोनवरच मेल लिहिला, आणि घरी आल्यावर म्हणाली, "दादा, पाठवायच्या आधी एकदा बघ ना."

बघितला. एकाच मेलमध्ये तिन्ही गोष्टी होत्या. 'तिन्ही कागदपत्रं सोबत जोडली आहेत' असं लिहिलेलं, फायली मात्र दोनच. 'To'मध्ये एचआरच्या जागी तिची कॉलेजची मैत्रीण, कारण दोघींचं पहिलं नाव एकच. आणि मधेच एक वाक्य: 'मी रुजू होऊ शकते दिनांक'. पुढे काहीच नाही. म्हणजे कंपनीला जे मुख्य उत्तर हवं होतं तेच गायब, आणि पॅन नंबर आणि बँक खातं भलत्याच इनबॉक्समध्ये जाणार होतं.

आता ती काही निष्काळजी मुलगी नाही. या तिन्ही चुका कुठून येतात ते बघा, म्हणजे उपाय आपोआप कळेल.

पहिली गोष्ट, राहिलेली फाइल. आपण आधी 'सोबत जोडलं आहे' असं लिहितो आणि जोडायचं काम नंतरवर टाकतो. पण वाक्य लिहून झालं की डोक्यात ते काम झाल्याची नोंद होते. त्यात फोनवरच्या जीमेलमध्ये वरच्या पट्टीत फाइल जोडायची पिन आणि 'Send'चा बाण शेजारी शेजारी असतात. चालत्या गाडीत अंगठा जरा सरकला की संपलं.

जीमेल कधीकधी विचारतं की फाइल जोडायची राहिली का. पण ही सूचना मेलमधल्या शब्दांवर चालते. तुम्ही मराठीत 'सोबत पाठवतेय' लिहिलं तर ती येईलच असं धरून चालू नका. शिवाय तीनपैकी दोनच फायली आहेत, किंवा जुनाच रेझ्युमे जोडलाय, हे तिला कळायचं कारणच नाही.

म्हणून फाइल सगळ्यात आधी जोडायची, एक शब्दही लिहायच्या आधी. मग जोडलेल्या प्रत्येक फाइलवर ड्राफ्टमध्येच टॅप करून ती उघडायची. गॅलरीतली नाही, ड्राफ्टमधली, कारण समोरच्याला तीच जाणार आहे. आणि मेलमध्ये फायलींची संख्या आणि नावं लिहायची: 'सोबत 3 फायली: पदवी, पॅन, चेक'. आकडा लिहिला की मोजावंच लागतं. बहिणीच्या मेलमध्ये चेकचा फोटो राहिला होता, तो मोजल्यामुळेच सापडला.

इथे एक अडचण येते. जीमेलवर जोडलेल्या फायलींची एकूण मर्यादा 25 एमबी आहे. फोनने काढलेले मोठे फोटो सात-आठ झाले की ती ओलांडली जाते, आणि मग फाइलऐवजी ड्राइव्हची लिंक जाते. लिंकला परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला कागद दिसत नाही, परवानगी मागायचं पान दिसतं. कागदपत्रांच्या बाबतीत फोटोंऐवजी स्कॅन करून छोटी पीडीएफ केलेली बरी.

दुसरी गोष्ट, आपोआप भरलेला पत्ता. तुम्ही ज्यांना कधी मेल केलाय त्यांचे पत्ते जीमेल लक्षात ठेवतं. दोन-तीन अक्षरं टाकली की त्यातून अंदाज करून नावं सुचवतं. ज्याला तुम्ही नेहमी मेल करता तो वर येण्याची शक्यता जास्त. पण महत्त्वाचा मेल बहुतेक वेळा अशा माणसाला असतो, ज्याला तुम्ही पहिल्यांदाच लिहिताय! म्हणजे जिथे चूक परवडत नाही, नेमका तिथेच अंदाज कच्चा पडतो. आणि आपल्या ठाणे जिल्ह्यात पाटील, म्हात्रे, भोईर किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको.

हे मोठ्या ऑफिसातही होतं. नोव्हेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जी-20 परिषद होती. तिथल्या इमिग्रेशन विभागाच्या एका कर्मचाऱ्याने 31 जागतिक नेत्यांचे पासपोर्ट नंबर, जन्मतारखा आणि व्हिसाचे तपशील मेलने पाठवले, आणि ते गेले आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या एका आयोजकाकडे. त्या यादीत ओबामा, पुतिन आणि आपले पंतप्रधान मोदी होते. कारण काय, तर आउटलुकने 'To'मध्ये आपोआप भरलेलं नाव तपासलंच नव्हतं. मिळालेल्या माणसाने तो मेल डिलीट केला.

अशी चूक लगेच कळतही नाही. पत्ता अस्तित्वातच नसेल तर मेल परत येतो आणि तुम्ही सावध होता. पण पत्ता खरा असेल, फक्त माणूस चुकीचा असेल, तर मेल अगदी व्यवस्थित पोचतो.

म्हणून पत्ता सगळ्यात शेवटी. 'To' रिकामं असेल तर जीमेल मेल पाठवूच देत नाही. म्हणजे अंगठा सरकला तरी काही बिघडत नाही, फुकटात कुलूप मिळालं. पत्ता भरल्यावर त्या नावावर टॅप करून पूर्ण पत्ता बघायचा. नाव कोणी काहीही ठेवेल, खरी ओळख '@'च्या मागेपुढे आहे. बहिणीच्या मेलमध्ये नाव बरोबर दिसत होतं, पण टॅप केल्यावर '@'नंतर कंपनीऐवजी `gmail.com` निघालं. तिथेच कळलं.

तुम्ही उत्तर देत असाल तर पत्ता आधीच भरलेला असतो. तो काढून पुन्हा टाइप करू नका, कारण मग अंदाजाचा धोका परत आला. त्याऐवजी मजकूर नोट्समध्ये लिहा आणि तयार झाल्यावर पेस्ट करा. फक्त दोन गोष्टी बघा: पत्त्यात 'no-reply' तर नाही ना, आणि 'Reply all' दाबलं गेलंय का.

तिसरी गोष्ट, अर्धवट वाक्य. ते बहुतेक मधेच सापडतं, शेवटी नाही. कारण लिहिता लिहिता फोन येतो, अंबरनाथ येतं, गर्दी होते. किंवा तारीख माहीत नसते म्हणून आपण जागा सोडून पुढे जातो. परत आल्यावर आपण शेवटच्या ओळीपासून लिहायला लागतो, आणि मधलं भोक तसंच राहतं. वाचताना ते दिसत नाही, कारण आपल्याला काय म्हणायचंय ते माहीत असतं आणि डोकं ती जागा भरून टाकतं.

यावर दोन उपाय. जागा सोडायचीच असेल तर कोरी सोडू नका, तिथे `####` टाका. ते डोळ्यात खुपतं. आणि तपासताना मेल खालून वर वाचा, एकेक वाक्य सुटं. ओघ तुटला की डोकं स्वतःहून काही भरत नाही. 'मी रुजू होऊ शकते दिनांक' हे वाक्य एकटं वाचलं की लगेच खटकतं.

आता शेवटची जाळी. फोनवर 'Send'शेजारच्या तीन ठिपक्यांत 'Schedule send' आहे. महत्त्वाचा मेल लगेच न पाठवता दहा-पंधरा मिनिटं पुढची वेळ द्या. तो 'Scheduled'मध्ये जाऊन बसतो. तिथे तो पाठवलेल्या मेलसारखा उघडून वाचता येतो, आणि गडबड दिसली तर रद्द करता येतो. रद्द केला की तो परत ड्राफ्टमध्ये येतो. अर्धा मिनिटाच्या 'Undo'पेक्षा हे कितीतरी ऐसपैस. फक्त सहाची मुदत असेल तर पावणेसहाला हा खेळ करू नका. अँड्रॉइडवर जीमेलच्या सेटिंगमध्ये 'Confirm before sending'सुद्धा चालू करता येतं, म्हणजे बाण चुकून लागला तर ॲप आधी विचारतं.

स्क्रीनशॉट काढून ठेवायची यादी ही:

1. फायली आधी जोडल्या, ड्राफ्टमधून उघडल्या, आकडा मजकुराशी जुळला.
2. मजकूर खालून वर वाचला. `####` कुठे उरलं नाही.
3. पत्ता शेवटी भरला, नावावर टॅप करून पूर्ण पत्ता बघितला.
4. दहा मिनिटं पुढे शेड्यूल केला, 'Scheduled'मध्ये एकदा वाचला.

ही यादी रोजच्या प्रत्येक मेलला लावू नका. चार दिवसांत डोळे मिटून टिका मारायला लागाल आणि मग ती काही पकडणार नाही. ज्या मेलमध्ये कागदपत्रं, पैसे किंवा मुदत आहे, तेवढ्यालाच लावा.

आणि तरीही भलत्याकडे गेलाच तर? गप्प बसू नका. ज्याला गेला त्याला लगेच लिहा की चुकून आलंय, कृपया डिलीट करा आणि तसं कळवा. ज्याची माहिती गेली त्यालाही सांगा. फक्त फाइल राहिली असेल तर त्याच मेलच्या साखळीत पाठवा, नवीन मेल करू नका, म्हणजे समोरच्याला दोन्ही एकत्र मिळतात.

बहिणीचा मेल त्या दिवशी साडेपाचला गेला, तीन फायली आणि तारखेसकट. चला, भेटू पुढच्या भागात!