गेमिंग कॅफेचे दहा जुळे संगणक

कुठलं मशीन ‘मक्खन’ चालतं आणि कुठलं ऐन मोक्याला अडकतं, हे गेमिंग कॅफेत रोज येणाऱ्या पोरांना मालकाच्या आधी कळतं. व्हॅलोरंट खेळायला पाचजणांची टीम येते. चौघांना १४४ हर्ट्झचे मॉनिटर मिळतात, पाचव्याच्या नशिबी ६० हर्ट्झचा जुना पडदा येतो आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच खुर्चीवरून वाजतं. वादात तथ्यही असतं. ६० हर्ट्झच्या पडद्यावरचं चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी बदलतं, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर साधारण ७ मिलिसेकंदांनी. भिंतीआडून डोकावणारा शत्रू एकाला आधी दिसतो, दुसऱ्याला नंतर.

सगळी मशीन एकसारखी घेण्यात मालकाचा स्वार्थही आहे. एखादं बंद पडलं, की शेजारच्या मशीनची रॅम किंवा पॉवर सप्लाय लावून दोष पाच मिनिटांत शोधता येतो. विंडोज, ड्रायव्हर आणि खेळ एकाच मशीनवर नीट बसवून क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने त्याच्या प्रती बाकीच्यांवर टाकता येतात. दहा मशीन दहा तऱ्हेची असली, तर हेच काम दहा वेळा करावं लागतं.

समजा, नाशिकच्या कॉलेज रोडवर कुणाला दहा संगणकांचा कॅफे काढायचा आहे. पहिला प्रश्न असा, की मशीन कुठल्या खेळाच्या मापाने घ्यायचं? व्हॅलोरंट तसा हलका आहे. सेकंदाला १४४ चित्रं, म्हणजे १४४ एफपीएस मिळवायला रायट कंपनी जीटीएक्स १०५० टीआयसारखं जुनं ग्राफिक्स कार्डही पुरेसं मानते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला काउंटर-स्ट्राइक २ मात्र बराच जड. तो ज्या मशीनवर सुरळीत चालेल, त्यावर व्हॅलोरंटची काळजी करायचं कारण नाही. म्हणून माप त्याचं घ्यावं.

इथेच नवखा मालक पैसे चुकीच्या जागी घालतो. अर्धं बजेट ग्राफिक्स कार्डावर जातं आणि प्रोसेसर उरल्यासुरल्या पैशांत येतो. मुरलेले खेळाडू तर खेळातली सजावट कमी करून १०८० पिक्सेलच्या पडद्यावर खेळतात. अशा वेळी कार्ड निवांत असतं आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५६००जी या नावांत फरक एका अक्षराचा, पण पहिल्यात ३२ एमबी एल३ कॅशे आहे आणि दुसऱ्यात १६. खेळाला सतत लागणारी माहिती प्रोसेसरजवळच ठेवणारी ही जागा निम्मी झाली, की फटका बसतो तो नेमका गर्दीच्या प्रसंगी. दुकानदार मात्र ‘तेच आहे साहेब, वर ग्राफिक्स आतच’ म्हणून जी-वालं पुढे करतो. ५६०० किंवा इंटेलचा आय५-१२४००एफ, जोडीला आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० यांपैकी एक कार्ड, हा अशा कॅफेसाठी समंजस मेळ आहे. गिऱ्हाईक नव्या, भव्य कथाप्रधान खेळांचं असेल, तर कार्डाचा विचार वेगळा करावा लागेल.

मशीन जोखताना सरासरी एफपीएस बघून भुलू नये. सरासरी २५० दिसत असली, तरी धुराचा बॉम्ब फुटून चौघं एकदम गोळ्या झाडू लागले आणि आकडा ७० वर आपटला, तर खेळणाऱ्याच्या लक्षात तो झटकाच राहतो. त्यामुळे सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेग पाहायचा. जाणकार त्याला ‘वन परसेंट लो’ म्हणतात. काउंटर-स्ट्राइकच्या वर्कशॉपमध्ये ‘CS2 FPS Benchmark’ नावाचा मोफत नकाशा मिळतो. तो चालवला, की शेवटी कन्सोलवर Avg आणि P1 असे दोन आकडे येतात. P1 हाच तो एक टक्का. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल, तर हा आकडा १४४ च्या वर किंवा निदान आसपास हवा.

म्हणूनच दहा मशीनची ऑर्डर एका दमात देऊ नये. आधी एकच बांधून घ्यावं, चाचणी करावी, आठवडाभर चांगल्या खेळाडूंना त्यावर बसवावं आणि मगच उरलेली नऊ, त्याच मदरबोर्डची, मागवावीत. आकडे कमी आले, तर बहुधा दोष सुट्या भागांत नसतो, जुळणीत असतो. १६ जीबी रॅमची एकच पट्टी लावलेली असते. तिथे ८ जीबीच्या दोन लागतात, नाहीतर प्रोसेसरला माहिती निम्म्या वाटेने मिळते. ३२०० च्या वेगाची रॅम बायोसमधलं XMP सुरू न केल्याने २१३३ किंवा २६६६ वर रांगत असते. टास्क मॅनेजर उघडून Memory वर टिचकी मारली, की खरा वेग तिथेच दिसतो. आणि १४४ हर्ट्झचा महागडा मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच राहून गेलेला कितीतरी ठिकाणी आढळतो.

लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळणारे, कार्यालयांतून निघालेले संगणक मोहात पाडतात. विंडोज १० ची मोफत सुरक्षा-सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपली आणि सातव्या पिढीपर्यंतचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत जवळजवळ नाहीतच. व्हॅलोरंटचा पहारेकरी व्हॅनगार्ड विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. ते नसेल, तर VAN9001 किंवा VAN9003 असा संदेश येतो आणि खेळ सुरूच होत नाही. नव्या मशीनवरही या दोन गोष्टी बायोसमध्ये चालू करून मगच क्लोन काढावा. दुसरा धोका गिऱ्हाइकाकडून. कुणी चीट वापरून पकडला गेला, तर बंदी त्याच्या खात्यापुरती राहीलच असं नाही, ती यंत्रावरही येते. मग पडद्यावर VAN 152 दिसतं आणि ते मशीन व्हॅलोरंटसाठी काही महिने निकामी होतं. बाहेरचा पेनड्राइव्ह आणि अ‍ॅडमिनचे अधिकार गिऱ्हाइकाला न देणं हाच उपाय.

इंटरनेटचा खरा ताण खेळताना पडत नाही, डाउनलोडच्या वेळी पडतो. ६० जीबीचा खेळ दहा मशीनवर वेगवेगळा उतरवला, तर ६०० जीबी होतात, म्हणजे १०० एमबीपीएसच्या लाइनवर तेरा तासांहून अधिक. स्टीममध्ये एका मशीनवरून दुसऱ्यावर घरच्या नेटवर्कमधूनच खेळ पाठवण्याची सोय आहे. गिगाबिट स्विच आणि कॅट ६ ची वायर असेल, तर हे काम झपाट्याने होतं. अपडेट मात्र पहाटे उरकावेत. चालू मॅचमध्ये एका मशीनने डाउनलोड सुरू केलं, की बाकी नऊजणांचा पिंग चढतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. मॉनिटरसह एक मशीन खेळताना साधारण २५० वॅट घेतं, दहांचे अडीच किलोवॅट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. त्यात दहा माणसांची सुमारे एक किलोवॅट. एक टनाचा एसी जेमतेम साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, त्यामुळे उन्हाळा धरून दीड टनाचा घ्यावा आणि वायरिंग करून घेतानाच इलेक्ट्रिशियनला एकूण भार सांगावा.

कोटेशन घेताना ‘रायझन ५, १६ जीबी, ८ जीबी ग्राफिक्स’ एवढ्यावर समाधान मानू नये. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅमच्या पट्ट्यांची संख्या, पॉवर सप्लाय आणि मॉनिटर यांचे पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्यावेत, आणि ‘किंवा तत्सम’ हे शब्द दिसले तर सही करण्याआधी खोडायला लावावेत.